वॉचलिस्ट मोजा, पण तासांत!

‘भारी आहे, सेव्ह करून ठेव, वीकेंडला बघू.’ कट्ट्यावर हे वाक्य दिवसातून किमान एकदा पडतंच. वीकेंड येतो, रात्री अकराला तुम्ही ॲप उघडता, पंधरा मिनिटं स्क्रोल करता आणि शेवटी दहा वेळा पाहिलेली सीरिजच परत लावता. सेव्ह केलेलं तसंच राहतं, वर दोन नवी नावं वाढलेली असतात.

याला आळस म्हणून सोडून देऊ नका, गणित करून बघा. समजा, तुमच्या लिस्टमध्ये ४० नावं आहेत. त्यात २८ सिनेमे आणि १२ सीरिज. सिनेमा सरासरी दोन तासांचा धरला तर झाले ५६ तास. सीरिजचे सरासरी १६ एपिसोड, प्रत्येकी पाऊण तासाचे धरले, तर बारा सीरिजचे १४४ तास. एकूण २०० तास! आता कॉलेज, सबमिशन्स, प्रवास यातून आठवड्याला पाच तास मिळतात असं धरू. नवीन काहीच सेव्ह केलं नाही तरी लिस्ट संपायला ४० आठवडे लागतील. पण दर आठवड्याला दोनच नवे सिनेमे टाकलेत, तर चार तास त्यांचेच. मागची थकबाकी आठवड्याला जेमतेम एक तासाने कमी होणार. म्हणजे २०० आठवडे. जवळपास चार वर्षं, तुमच्या डिग्रीपेक्षाही जास्त!

या गणितात सीरिज कुठे आहेत ते बघा. नावांच्या यादीत त्या तीस टक्के, पण वेळेच्या हिशेबात सत्तर टक्क्यांच्या वर. ‘सक्सेशन’चे ३९ एपिसोड आणि ११६ मिनिटांचा ‘कोर्ट’, लिस्टमध्ये दोघांनाही एकेकच चौकोन मिळतो. त्यामुळे पहिलं काम म्हणजे सिनेमे आणि सीरिज वेगळे करा. एका वेळी एकच सीरिज चालू ठेवा. ती संपली किंवा सोडली की मगच दुसरी. दोन एपिसोडनंतर तिसरा लावावासा वाटला नाही, तर ती बिनधास्त सोडा.

दुसरा घोळ आहे ‘बघायलाच हवं’ टाइप सिनेमांचा. केटी मिल्कमन आणि दोन सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलियातल्या एका ऑनलाइन डीव्हीडी भाड्याने देणाऱ्या कंपनीच्या नोंदी तपासल्या होत्या. त्यांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. लोक माहितीपटासारख्या ‘चांगल्या’ डीव्हीडी मागवायचे, पण त्या हलक्याफुलक्या सिनेमांपेक्षा जास्त दिवस घरीच पडून राहायच्या. सेव्ह करताना आपण उद्याच्या शहाण्या स्वतःसाठी निवडतो, पण बघायला बसतो तो आजचा दमलेला माणूस. म्हणून ‘सेव्हन समुराई’ रात्री अकराला होणारच नाही. तो ३ तास २७ मिनिटांचा आहे. त्याला रविवारची सकाळ द्या, शक्यतो मित्राला सोबत बोलवून. रात्रीसाठी पाच हलक्या, दोन तासांच्या आतल्या सिनेमांची छोटी यादी वेगळी करा आणि त्या पाचांतूनच निवडा. चाळीसमधून निवडायला गेलात की पुन्हा स्क्रोलिंग सुरू.

तिसरी गोष्ट, वॉचलिस्ट हे तुमचं पुस्तकांचं कपाट नाही. हॉटस्टारवरचा एचबीओचा कंटेंट ३१ मार्च २०२३ नंतर तिथून गेला. ‘गेम ऑफ थ्रोन्स’ सेव्ह करून ठेवलेल्यांनी तो शोधायचा कुठे? पुढे तो जिओसिनेमावर आला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ही दोन्ही ॲप्स मिळून जिओहॉटस्टार झालं. प्लॅटफॉर्मकडे बऱ्याच सिनेमांचे हक्क ठरावीक मुदतीचेच असतात. नेटफ्लिक्सवर एखादं नाव लवकरच जाणार असेल, तर त्याच्या पानावर शेवटची तारीख दिसते. आठवड्यातून एकदा ती बघा आणि जाणाऱ्याला आधी नंबर द्या. लिस्टही ॲपमध्ये न ठेवता फोनच्या नोट्समध्ये ठेवा. नाव, किती मिनिटं, कुणी आणि का सुचवलं, एवढंच लिहा. ‘का’ आठवत नसेल, तर सहा महिन्यांनी ते नाव उडवताना हात थरथरणार नाही. आणि उडवलं तरी सर्चमध्ये सापडणारच आहे.

या सगळ्याला मर्यादाही आहे. परीक्षेच्या महिन्यात पाच तासांचे दोन होतील, तेव्हा लिस्ट वाढेलच. म्हणून एक नियम मात्र पाळा. एक नवं नाव टाकायचं, तर एक जुनं बघून किंवा खोडून. महिनाभराने नावं मोजू नका, पुन्हा तास मोजा. २०० चे १९० झाले असतील, तर तुमची लिस्ट खरंच हलायला लागली आहे.