‘कथित’ नावाची गळकी छत्री

गुन्ह्याच्या बातमीत ‘कथित’ हा शब्द टाकला की वार्ताहर आणि संपादक सुरक्षित होतात, ही समजूत पेण-रोह्यापासून मुंबईपर्यंतच्या बातमीदारीत घट्ट रुजली आहे. तालुक्यांतून आलेली बातमीपत्रं मी अनेक वर्षं वाचली, दुरुस्त केली. माझं मत स्पष्ट आहे: ‘कथित’, ‘समजते’, ‘चर्चा आहे’ आणि मथळ्यातलं प्रश्नचिन्ह यांच्यातून संरक्षण मिळत नाही. दुसऱ्याने केलेली बदनामी तुम्ही छापलीत, तर ती तुम्हीही केलेली असते. ‘लोक म्हणतात’ हा बचाव नाही.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. पेणमधल्या एका पतसंस्थेच्या ठेवीदाराने व्यवस्थापकाविरुद्ध पोलिसांत कागद दिला. पेण अर्बन बँकेत पैसे अडकलेल्यांच्या गावात ही बातमी वाऱ्यासारखी पसरणार. वार्ताहर लिहितो, ‘व्यवस्थापकाने लाटले बारा लाख, कथित घोटाळ्याने खळबळ’. यात ‘कथित’ हे घोटाळ्याचं विशेषण आहे. ‘लाटले’ हे क्रियापद मात्र पत्राचं स्वतःचं विधान आहे. उद्या न्यायालयात ते सिद्ध करायची वेळ आली, तर वार्ताहराकडे काय आहे? एका कागदाची झेरॉक्स.

आधी तो कागद कोणता, ते पाहायला हवं. पोलिसांनी नुसता तक्रार अर्ज घेऊन आवक शिक्का मारला असेल, तर गुन्हा दाखल झालेला नाही. त्या टप्प्यावर ‘गुन्हा दाखल’ लिहिणं हे सरळ खोटं विधान आहे. प्रथम खबरी अहवाल नोंदला गेला असेल तर त्याचा क्रमांक, तारीख आणि कलमं असतात. मग वाक्य असं होतं: ‘ठेवीची मुदत संपूनही बारा लाख रुपये परत केले नाहीत, अशी तक्रार एका ठेवीदाराने दिली. त्यावरून पेण पोलिसांनी व्यवस्थापकाविरुद्ध फसवणुकीचा गुन्हा नोंदवला आहे. व्यवस्थापकाने आरोप फेटाळला आहे.’ इथे ‘कथित’ एकदाही नाही, तरी प्रत्येक विधानाला धनी आहे. पत्र एवढंच सांगतं की गुन्हा नोंदला गेला, आणि ते सिद्ध करता येतं.

न्यायालयंही असाच विचार करतात. ‘लोकमत’चे जवाहरलाल दर्डा यांच्याविरुद्धचा बदनामीचा खटला सर्वोच्च न्यायालयाने 1998 मध्ये पुढे जाऊ दिला नाही. शासकीय निधीच्या अपहारात गुंतलेल्यांची नावं मंत्र्यांनी विधानसभेत सांगितली होती आणि पत्राने ती जशीच्या तशी छापली होती. वृत्तांत अचूक होता, सद्हेतूने आणि लोकहितासाठी दिलेला होता, हे तिथे महत्त्वाचं ठरलं. त्यात पत्राने ‘अपहार केलाच’ अशी स्वतःची पुस्ती जोडली असती, तर हा आधार डळमळला असता.

पूर्वीच्या भारतीय दंड संहितेचं कलम 499 आता भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 मध्ये आलं आहे. त्यात न्यायालयीन कामकाजाच्या मूलतः खऱ्या वृत्तांताला स्पष्ट अपवाद आहे. पोलीस ठाणं म्हणजे न्यायालय नव्हे. ठाणे अंमलदाराने चहा पिताना सांगितलेलं ‘त्यानेच केलंय हो’ त्या अपवादात बसत नाही. तिथे सत्य आणि लोकहित, किंवा सद्हेतू, हे आपल्यालाच दाखवावं लागतं. सद्हेतूसाठी काळजी घेतल्याचा पुरावा लागतो: अहवालाची प्रत, समोरच्याला किती वाजता फोन केला याची नोंद, त्याचं उत्तर.

काही संपादक म्हणतात, एवढं तोलून लिहिलं तर बातमीत दम राहत नाही. दम ‘लाटले’ या शब्दात नाही. बारा लाख, ठेवीची तारीख, अहवालातली कलमं यांत आहे. आणि हा दम कोणाच्या जिवावर? 2022 मध्ये अरुण पुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मुख्य संपादकाविरुद्धची कार्यवाही रद्द केली, लेख लिहिणाऱ्याविरुद्धची मात्र चालू राहिली. मसालेदार मथळा वरच्या कार्यालयात बसतो आणि तारखेला बातमीखाली नाव असलेला रोह्याचा वार्ताहर उभा राहतो, मानधनाचे शेकडा रुपये घेऊन. हे मला अन्यायाचं वाटतं. म्हणून मथळा बदलणाऱ्याने मूळ बातमीची प्रत आणि आपला बदल, दोन्ही जपून ठेवले पाहिजेत.

याला मर्यादाही आहेत. नीट शब्दांमुळे नोटीस येणं थांबत नाही. ती आल्यावर उभं राहायला जमीन मिळते. आणि काम पहिल्या दिवशी संपत नाही. पोलिसांनी पुढे ‘बी समरी’ मागितली, म्हणजे तक्रार खोटी असल्याचा अहवाल दिला, तर त्याची बातमी तितक्याच ठळकपणे द्यावी लागते आणि संकेतस्थळावरच्या जुन्या बातमीखाली तारखेसह जोडावी लागते. आरोपाला चार कॉलम आणि सुटकेला चार ओळी देणारं पत्र सद्हेतूची भाषा कोणत्या तोंडाने बोलणार?