वृश्चिक कुणाची, कुंभ कुणाची?

राशीस्वामी म्हणजे राशीचा मालक. मोबाईलवरच्या बऱ्याच ॲपमध्ये वृश्चिकेचा स्वामी प्लुटो आणि कुंभेचा स्वामी युरेनस असे लिहिलेले असते. गुरुजींनी हाताने मांडलेल्या पत्रिकेत मात्र वृश्चिकेचा स्वामी मंगळ आणि कुंभेचा शनी. आमच्या शाळेतल्या एका बाईंच्या मुलीचे लग्न जमवण्याचे चालले होते, तेव्हा हे दोन्ही कागद त्यांनी स्टाफरूममध्ये माझ्यापुढे ठेवले आणि विचारले, "सर, यातले खरे कुठले?" मी भविष्य पाहत नाही, माझा त्यावर विश्वासही नाही. पण उर्दू आणि मराठी अशा दोन भाषा शिकवणाऱ्या माणसाला या प्रश्नात रस वाटणे साहजिक आहे, कारण हा प्रश्न खरे-खोट्याचा नसून व्याकरणाचा आहे. "गुरुजी जुन्या विचारांचे, ॲप नवे," असे म्हणून तो निकालात काढणे मला पटत नाही.

आधी जुनी मांडणी पाहू. बारा राशी वर्तुळात लिहा. सिंह सूर्याला दिली आहे आणि तिच्या शेजारची कर्क चंद्राला. या दोघांना एकेकच घर. उरलेल्या दहा राशी पाच ग्रहांना प्रत्येकी दोन अशा वाटल्या आहेत, आणि त्या वाटणीला क्रम आहे. सिंह-कर्केच्या दोन्ही बाजूंना लागून असलेल्या कन्या आणि मिथुन बुधाच्या. त्यांच्या पलीकडच्या तूळ आणि वृषभ शुक्राच्या. त्यापुढे वृश्चिक आणि मेष मंगळाच्या, धनू आणि मीन गुरूच्या, आणि सूर्य-चंद्रांच्या घरांपासून सर्वांत लांब, अगदी समोर असलेल्या मकर आणि कुंभ शनीच्या. आकाशात सूर्यापासून बुध साधारण 28 अंशांपेक्षा जास्त लांब जात नाही, म्हणजे फार तर एक रास. शुक्र जातो सुमारे 47 अंश, म्हणजे दोन राशींच्या आत. घरे वाटताना हे पाहिलेले दिसते. सर्वांत मंद आणि थंड मानलेला शनी सर्वांत दूर बसवला आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियातल्या टॉलेमीने ही कारणे लिहून ठेवली आहेत. कुंभ शनीकडे आहे ती कुंभेच्या माणसाचा स्वभाव पाहून नव्हे. ती सिंहेच्या बरोबर समोर येते म्हणून.

ही मांडणी आपल्याकडे ग्रीकांकडून आली, हे लपवण्यासारखे नाही. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने बृहज्जातकात राशींची ग्रीकांवरून आलेली नावेही दिली आहेत. त्यात वृश्चिक आहे कौर्प्य आणि कुंभ आहे हृद्रोग. हृद्रोग म्हणजे इथे हृदयाचा आजार नव्हे, ग्रीक शब्दाला चढवलेला संस्कृत अंगरखा आहे. हीच मांडणी अरबीतही गेली. मिर्रीख म्हणजे मंगळ, त्याचे घर अक़रब. ज़ुहल म्हणजे शनी, त्याचे घर दल्व, म्हणजे पाण्याची बादली. अल-बिरूनीने 1029 साली लिहिलेल्या 'किताब-उल-तफ़हीम'मध्येही हेच स्वामी आहेत. उर्दू वाचणाऱ्यांना 'क़मर दर अक़रब' हा शब्दप्रयोग ओळखीचा असेल. चंद्र वृश्चिकेत असला की वेळ अशुभ, असा त्याचा अर्थ. आणि गुरुजींच्या पोथीतही चंद्र वृश्चिकेतच नीचीचा! 1587 साली नीलकंठाने लिहिलेल्या 'ताजिक नीलकंठी'त इत्तिसालचा इत्थशाल झालेला दिसतो आणि सहमचा सहम राहिलेला. भाषा बदलल्या, लिपी बदलल्या, पण वृश्चिकेचा मालक कुणी बदलला नाही.

मग दुर्बीण आली. 13 मार्च 1781 रोजी विल्यम हर्शलला इंग्लंडमधल्या बाथ गावी युरेनस दिसला. 1846 मध्ये नेपच्यून सापडला, 1930 मध्ये प्लुटो. युरोपातल्या ज्योतिषांनी या नव्या पाहुण्यांना घरे शोधायला सुरुवात केली. युरेनसला कुंभ मिळाली, नेपच्यूनला मीन. प्लुटोच्या बाबतीत सुरुवातीला एकमत नव्हते, काहींनी मेषही सुचवली होती. शेवटी वृश्चिकेवर शिक्का बसला. घरे देताना पाहिले काय? स्वभाव. युरेनस क्रांतीच्या काळात सापडला म्हणून बंडखोर, आणि कुंभही चाकोरीबाहेरची. प्लुटो पाताळाचा देव, आणि वृश्चिक गूढ. म्हणजे जुन्या वाटणीत आधी जागा होती आणि गुण मागून आले, नव्या वाटणीत गुण आधी ठरले आणि जागा मागून मिळाली. मतभेदाचे मूळ इथे आहे.

"आपल्या ऋषींना डोळ्यांनी दिसत होते तेवढेच ग्रह त्यांनी घेतले," असे उत्तर नेहमी दिले जाते. हे उत्तर लंगडे आहे. राहू आणि केतू कुणाच्या डोळ्यांना दिसतात? ते तर चंद्राचा मार्ग सूर्याच्या मार्गाला छेदतो ते गणिताचे दोन बिंदू आहेत, आणि तरी पत्रिकेत मानाने बसले आहेत. शिवाय नवे ग्रह मराठी ज्योतिषांनी नाकारलेले नाहीत. आपल्याकडच्या पंचांगांत हर्षल आणि नेपच्यून छापलेले असतात, आणि कितीतरी मराठी ज्योतिषी पत्रिकेत त्यांची जागा पाहून बोलतात. 'हर्षल' हे नाव तर थेट शोध लावणाऱ्याच्या आडनावावरून आले आहे. पाहुणा घरात घेतला आहे, फक्त सातबारा त्याच्या नावावर केलेला नाही.

का केला नाही, ते एका उदाहरणाने पाहू. समजा, 1999च्या डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात महाराष्ट्रात सूर्योदयाच्या सुमारास एक मुलगी जन्मली. भारतीय, म्हणजे निरयन, पद्धतीने तिचे लग्न वृश्चिक येते. (इथे लग्न म्हणजे जन्मवेळी पूर्व क्षितिजावर उगवत असलेली रास.) मंगळ तेव्हा मकरेत, म्हणजे तिच्या तिसऱ्या स्थानात, आणि मकर ही मंगळाची उच्च रास. गुरुजी म्हणतील, लग्नाचा स्वामी पराक्रमाच्या स्थानात उच्चीचा, मुलगी धडाडीची. बरोबर एक वर्षाने, 2000च्या डिसेंबरात, त्याच वेळी दुसरी मुलगी जन्मली. लग्न पुन्हा वृश्चिक, पण मंगळ आता कन्येत, म्हणजे अकराव्या, लाभाच्या स्थानात. दोघींचे वर्णन वेगळे होणार.

आता मंगळाला काढून प्लुटोला स्वामी करा. प्लुटोला सूर्याभोवती फिरायला 248 वर्षे लागतात. 1999 मध्ये तो निरयन वृश्चिकेतच होता आणि 2000 मध्येही तिथेच. साधारण बारा-तेरा वर्षांच्या त्या मुक्कामात वृश्चिक लग्नावर जन्मलेल्या प्रत्येकाचा लग्नस्वामी लग्नातच, स्वतःच्या घरात बसलेला. दोन मुलींमधला फरकच पुसला गेला. युरेनस एका राशीत सुमारे सात वर्षे राहतो, त्यामुळे कुंभ लग्नाचीही तीच गत. शनीही मंदच आहे, पण तो अडीच वर्षांत हलतो.

याहून मोठी अडचण दशेत आहे. विंशोत्तरी दशेत माणसाचे आयुष्य 120 वर्षांचे धरून ते नऊ ग्रहांत वाटले आहे. शुक्राला 20 वर्षे, शनीला 19, मंगळाला 7, असे. कुठले फळ केव्हा मिळणार, हे त्यावरून सांगतात. हर्षलला किंवा प्लुटोला या 120 वर्षांत एक दिवसही नाही. प्लुटो लग्नस्वामी झाला, तर त्या मुलीच्या आयुष्यात लग्नस्वामीची महादशा कधी येणारच नाही. आणि मंगळाकडे उरेल फक्त मेष, म्हणजे तिच्या पत्रिकेतले सहावे, रोग-शत्रू-कर्जाचे स्थान. काल घरचा कर्ता असलेला ग्रह आज निव्वळ कटकटीचा धनी झाला. मंगळाची तीच सात वर्षे आता उलट वाचावी लागतील.

धक्का इतर राशींनाही बसतो. वृषभ लग्नाला शनी नवव्या आणि दहाव्या स्थानांचा मालक म्हणून योगकारक, म्हणजे विशेष शुभ मानतात. ते दहावे स्थान कुंभ आहे. ती हर्षलला दिली की शनीचा तो मान गेला. वृश्चिक गेली की कर्क आणि सिंह लग्नाच्या मंगळाचेही तेच. बाईंना ज्याची काळजी होती त्या गुणमेलनात तर गाडी अडतेच. छत्तीस गुणांपैकी ग्रहमैत्रीचे पाच असतात, आणि ते वधू-वरांच्या चंद्रराशींच्या स्वामींवरून मिळतात. एक वृश्चिक आणि एक सिंह असेल, तर मंगळ आणि सूर्य परस्परांचे मित्र, पाचपैकी पाच. प्लुटो सूर्याचा मित्र की शत्रू? त्या कोष्टकात त्याचे नावच नाही.

गंमत अशी की, या दोनच राशींना दुसरा स्वामी देण्याची सोय जैमिनी पद्धतीत आधीपासून आहे. तिथे वृश्चिकेला मंगळाच्या जोडीला केतू आणि कुंभेला शनीच्या जोडीला राहू. पण जुना मालक घराबाहेर काढलेला नाही. दोघांपैकी बलवान कोण हे ठरवायचे नियम दिले आहेत आणि त्या हिशेबापुरता तो घ्यायचा. बदल करायचाच असेल, तर तो कसा करावा याचा हा नमुना आहे. पश्चिमेतही 1990च्या दशकापासून जुने ग्रीक ग्रंथ इंग्रजीत येऊ लागले आणि तिथले अनेक ज्योतिषी मंगळ-शनीकडे परतले आहेत.

यातून जुनी पद्धत खरी ठरते असे मी म्हणत नाही. मंगळाला मालक मानून सांगितलेले भविष्यही माझ्या लेखी भविष्यच. माझी तक्रार सरमिसळीबद्दल आहे. राशीवर्णन पाश्चात्त्य, दशा भारतीय आणि गुणमेलन पोथीचे, असा एकच अहवाल ॲप छापते आणि त्यावर एखाद्या मुलीचे स्थळ मोडते.

बाईंना मी दोन गोष्टी पाहायला सांगितल्या. एक, ॲपमध्ये गणित सायन आहे की निरयन. दोन्हींत सध्या सुमारे 24 अंशांचा फरक आहे. 10 नोव्हेंबरला जन्मलेल्याची सूर्यरास ॲपने वृश्चिक दाखवली तर ते सायन, कारण निरयन सूर्य वृश्चिकेत जातो तो 16 नोव्हेंबरच्या आसपास. दुसरी, स्वामी प्लुटो लिहून त्याच कागदावर विंशोत्तरी दशा दिली आहे का. दिली असेल, तर तो कागद दोन वेगळ्या वह्यांतली पाने एकत्र शिवून केलेला आहे. बाईंच्या कागदावर दोन्ही होते. त्यांनी गुरुजींकडची पत्रिका पिशवीत ठेवली आणि मुलाकडच्यांना फोन लावायला बाहेर गेल्या.