विश्लेषण : घर एकाचे, घाम दुसऱ्याचा, मग भागीदार कोण?

रायगड किनाऱ्यावर ‘वाटा’ हा शब्द नवा नाही. मासेमारीला गेलेल्या होडीचा डिझेल, बर्फ आणि रेशनचा खर्च वजा होतो आणि उरलेल्या पैशांत होडीचा व खलाशांचा वाटा पडतो. हाच हिशेब होमस्टेला लावायला गेले की मात्र भांडणे सुरू होतात.

व्यवहार कसा असतो?

समजा, नागावमध्ये एका काकांचा सहा खोल्यांचा होमस्टे आहे. शेजारच्या मुलाकडे पैसे नाहीत, पण बुकिंग, फोटो आणि स्वयंपाकघर तो सांभाळू शकतो. काकांना वर्षाला सहा लाख सुटत होते, आता नऊ लाख सुटतात. वाढलेल्या तीन लाखांत मुलाचा ४० टक्के वाटा ठरला असेल, तर त्याचे १ लाख २० हजार होतात. दरमहा आठ हजारांची उचल घेतली असेल, तर वर्षाअखेरीस हाती २४ हजारच येतात. पावसाळ्यात खोल्या रिकाम्या असतात, म्हणून उचल आधीच ठरवलेली बरी.

बिनसते कुठे?

बहुतेक वेळा ‘नफा’ या शब्दावर. काकांच्या घराचे आणि होमस्टेचे वीजमीटर एकच, ग्राहकांचे पैसे काकांच्या वैयक्तिक खात्यात. त्यात घरचा किराणाही धंद्याच्या खर्चात धरला, तर खोल्या भरलेल्या दिसतात आणि नफा मात्र आटतो. यावर साधा उपाय म्हणजे वाटा नफ्यावर न ठेवता खोल्यांच्या जमा भाड्यावर ठरवायचा. टक्का कमी असेल, पण तो बुकिंगच्या नोंदीवरून तपासता येतो.

कायदा काय म्हणतो?

‘स्वेट इक्विटी’ शेअर फक्त कंपनीला देता येतात. काकांचा एकट्याचा धंदा असेल, तर भागीदारी कायदा, १९३२ लागू होतो आणि तो दोन्ही बाजूंनी कापतो. नफ्यात वाटा मिळतो एवढ्यावरून कुणी भागीदार ठरत नाही. ‘तो आमचा कामगार होता’ असे काका म्हणू शकतात. उलट मुलगा भागीदार ठरला आणि करारात वेगळे काही नसेल, तर तोटाही निम्मा त्याचा. शिवाय फर्मचे कर्ज थकले, तर त्याच्याकडून पूर्ण वसुली होऊ शकते. कष्टाबद्दल वेगळा पगारही लिहून घेतल्याशिवाय मिळत नाही.

नोंदणी केली नाही तर?

नोंदणी सक्तीची नाही. पण बिननोंदणी फर्मच्या भागीदाराला करारातला हक्क मागण्यासाठी फर्मवर दावा लावता येत नाही. फर्म मोडून हिशेब मागण्याची वाट तेवढी खुली राहते.

आणि घर? ते फर्मच्या मालमत्तेत आणले नसेल, तर पाच वर्षे राबूनही त्यावर मुलाचा हक्क नाही. म्हणून त्याच्या कामामुळे जमलेले ग्राहक, फोन नंबर आणि ऑनलाइन खाते वेगळे होताना कुणाकडे राहणार, हे पहिल्याच दिवशी लिहून घ्यावे.