पैसे घ्यायला पिन कशाला?



आपण जुनं कपाट विकायला काढावं आणि गिऱ्हाईकानं क्यूआर कोड पाठवावा, "स्कॅन करा, पैसे जमा होतील." फेब्रुवारी 2021 मध्ये दिल्लीच्या मुख्यमंत्र्यांच्या मुलीलाही सोफा विकताना असाच कोड आला. आधी थोडे पैसे टाकून विश्वास बसवला, मग कोड स्कॅन करायला लावून 34 हजार काढून घेतले.

बंधुभगिनींनो, स्कॅन करून पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत. घेणाऱ्याला पिन लागतच नाही. द्यायचे असतील तरी पिनआधी पडद्यावरचं नाव वाचा. वेगळं दिसलं तर थांबा, त्या माणसाला आपल्याकडच्या जुन्या नंबरावर विचारा. पैसे गेलेच, तर लगेच 1930 ला फोन लावा.

— एक निवृत्त शिक्षक, आदिलाबाद