पाळीप्रमाणे बदलणारं ताट

आपल्या आहारपत्रकावर सकाळी आठला नाश्ता, अकराला फळ, एकला जेवण असे रकाने छापलेले असतात. चाकणच्या कारखान्यात दुसऱ्या पाळीला जाणारा, खराबवाडीत किंवा नाणेकरवाडीत कॉट बेसिसवर राहणारा तरुण सकाळी आठला गाढ झोपेत असतो. पुढच्या आठवड्यात पहिली पाळी लागते, तेव्हा आठ वाजता तो मशीनवर असतो. त्याच्या हातात आपण ते पत्रक देतो आणि तो परत आला नाही की ‘रुग्ण सहकार्य करत नाही’ असा शेरा मारतो. वजन कमी असलेल्या, एकट्या राहणाऱ्या, चूल न पेटवणाऱ्या पुरुषाचा आहार घड्याळाला बांधून चालत नाही. तो पाळीला बांधावा लागतो, हेच या अंकात आग्रहाने सांगायचं आहे.

सुरुवात विचारपूस करण्याच्या पद्धतीपासून करू. ‘काल काय खाल्लं?’ या प्रश्नाला ‘दोन वेळा जेवतो’ असंच उत्तर मिळतं आणि ते खोटंही नसतं. पण कालचा दिवस कोणत्या पाळीचा होता यावर सगळं अवलंबून असतं. म्हणून प्रत्येक पाळीचा एकेक दिवस आणि सुट्टीचा एक दिवस वेगवेगळा विचारावा. कधी उठला, पंचिंग कधी केलं, कॅन्टीनची सुट्टी कधी झाली, खोलीवर कधी पोहोचला, अशा क्रमाने गेलं की मधली भगदाडं आपोआप दिसतात. सर्वांत मोठं भगदाड बहुतेक वेळा सुट्टीच्या दिवशी सापडतं. या पट्ट्यात अनेक कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते. त्या दिवशी कॅन्टीन बंद, आणि हा दुपारपर्यंत झोपून संध्याकाळी एकदाच काहीतरी खातो.

एक नमुना मांडून पाहू. वय २६, उंची १६८ सेंमी, वजन ४९ किलो. बीएमआय १७.४ येतो, म्हणजे १८.५च्या खाली. निदान १८.५ गाठायचा तर वजन सव्वाबावन्न किलो व्हायला हवं. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२०मध्ये ६५ किलोच्या, मध्यम श्रम करणाऱ्या पुरुषासाठी दिवसाला २७१० कॅलरींची गरज सांगितली. त्याच प्रमाणात या तरुणाला आहे तेच वजन टिकवायला दोन हजारांच्या आसपास लागतात. वाढवायचं तर रोज पाचशे जादा, म्हणजे अडीच हजार. असं जमलं तर आठवड्याला पाव ते अर्धा किलो वाढ धरावी. तीन महिन्यांत तीन किलो हे उद्दिष्ट माफक वाटेल, पण तेच खरं आहे.

हे पाचशे कुठून आणायचे? ‘घरी सांजा, पराठा करा’ असं लिहून उपयोग नाही. खोलीवर विजेची किटली असते, फार तर इंडक्शन. फ्रीज नसतोच. त्यामुळे पिशवीचं दूध आणून अर्धं उद्यासाठी ठेवायचा सल्ला उन्हाळ्यात उलट अंगाशी येतो. त्याऐवजी सायीच्या दुधाची पावडर घ्यावी. ३० ग्रॅम पावडर कोमट पाण्यात कालवली की दीडशे कॅलरी आणि सात-साडेसात ग्रॅम प्रथिनं मिळतात. सोबत दोन केळी. उठल्यावर पहिल्या चहाच्या जागी हे घ्यायचं. चहा नंतर, कारण रिकाम्या पोटी चहा आणि वर तंबाखूची गोळी ही भूक मारायची ठरलेली जोडी आहे. दुधाने पोट फुगत असेल तर निम्म्या मापाने सुरुवात करावी, तरीही सोसत नसेल तर कोपऱ्यावरच्या डेअरीतलं वाटीभर दही चालतं.

दुसरी जागा कॅन्टीनची. १९४८च्या कारखाना कायद्याने अडीचशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यांसाठी उपाहारगृहाची तरतूद केली. तिथे दिवसातलं एक शिजवलेलं, गरम, पूर्ण जेवण आयतं मिळतं. आपण या जेवणाला नावं ठेवतो, तेल जास्त म्हणतो. या माणसासाठी मात्र तेच आहाराचा कणा आहे. त्यात फक्त एक चपाती आणि एक वाटी उसळ किंवा डाळ वाढवून घ्यायला सांगावं, म्हणजे सुमारे दोनशे कॅलरी वाढतात. भात वाढवण्यापेक्षा उसळ वाढवणं बरं, कारण दिवसाला साठ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं गाठायची तर केळी आणि भाताने ती भरत नाहीत. भोसरीतल्या छोट्या वर्कशॉपमध्ये कॅन्टीन नसतं. तिथे खाणावळीचा डबा आणि त्यात ज्यादा उसळ असा सौदा मेसवाल्या काकूंशी करायला लावावा.

तिसरी जागा पाळी सुटल्यावरची. दुसऱ्या पाळीनंतर बारा-साडेबाराला खोलीवर आलेला माणूस काही शिजवणार नाही, हे गृहीतच धरा. गेटबाहेर अंडाभुर्जीची गाडी उभी असेल तर दोन अंडी आणि दोन पाव हे उत्तम. नाहीतर मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम भाजलेले शेंगदाणे आणि सुपारीएवढा गुळाचा खडा, सव्वादोनशे कॅलरी. तिसऱ्या पाळीत दुधाचा पेला सकाळी परतल्यावर, झोपण्याआधी घ्यायला सांगा. रिकाम्या पोटी झोपला तर तो दुपारी डोकं धरूनच उठतो.

सगळं मिळून कागदावर सातशेच्या वर बेरीज जाते. ती मुद्दाम जास्त ठेवावी, कारण रोजच्या रोज सगळं होत नाही. दोन तृतीयांश झालं तरी पाचशे हाती लागतात. गुरुवारसाठी मात्र वेगळी चिठ्ठी द्यावी: त्या दिवशीचं दुपारचं जेवण खाणावळीत, आणि शेंगदाण्यांचं माप दुप्पट. जिमशेजारच्या दुकानातला ‘मास गेनर’चा डबा त्याने आधीच आणला असेल तर त्यावरची घटकांची यादी त्याच्याचकडून वाचून घ्या. अशा पुष्कळ डब्यांत पहिलं नाव माल्टोडेक्स्ट्रिनचं असतं, आणि एवढ्या पैशांत महिनाभर अंडी येतात हे त्याला लगेच कळतं.

वजनाची नोंदही फसवते. कंपनीच्या दवाखान्यात सेफ्टी शूज घालून केलेलं वजन आणि आपल्याकडे अनवाणी केलेलं वजन यांत किलोभराचा फरक सहज पडतो, म्हणजे महिन्याभराची सगळी कमाई. एकच काटा, उठल्यावर शौचाला जाऊन आल्यावर, बूट-बेल्ट काढून, पंधरा दिवसांतून एकदा. पहिल्या आठवड्यात एकदम काटा सरकला तर ते बहुतांशी पोटातलं अन्न आणि पाणी असतं.

आहार लिहिण्याआधी एक प्रश्न चुकवू नये: वजन पहिल्यापासूनच असं आहे की अलीकडे उतरलंय? सहा महिन्यांत आपोआप पाच टक्के, म्हणजे अडीच किलोच्या आसपास, उतरलं असेल, दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल किंवा संध्याकाळी कणकण येत असेल तर आधी थुंकी तपासणी आणि छातीचा एक्सरे. दाटीवाटीच्या खोल्यांत क्षयरोग सहज पसरतो. सोबत रक्तातली साखर आणि थायरॉइड. दारू आणि मन यांविषयीही विचारावं. गावापासून लांब राहणाऱ्याची भूक कधी कधी उदासीनतेमुळेच मेलेली असते, आणि तिथे केळी वाढवून भागत नाही.

महिन्याने वजन जागचं हललं नाही तर लगेच कॅलरी वाढवू नका. आधी शेंगदाण्यांची भरणी पाहा. भुर्जीऐवजी शेंगदाणेच ठरले असतील तर रोज ३० ग्रॅमप्रमाणे पाव किलोची भरणी आठवड्याभरात संपत आली पाहिजे. तिचा फोटो पाठवायला सांगितला की विचारण्यापेक्षा खरं उत्तर मिळतं. भरणी भरलेलीच असेल तर अडचण आपल्या आखणीत आहे. पाळी बदलली आणि वेळा जुळेनाशा झाल्या, एवढंच कारण अनेकदा निघतं. पण भरणी वेळेवर रिकामी होतेय, कॅन्टीनची ज्यादा वाटीही जातेय आणि काटा तरी तिथेच आहे, असं असेल तर चार आठवड्यांच्या वजनाच्या नोंदी आणि रोजचं खाणं एका कागदावर लिहून तो कागद त्याच्या हाती द्यावा आणि त्याला त्याच आठवड्यात पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयात किंवा चाकणच्या ग्रामीण रुग्णालयात डॉक्टरांकडे पाठवावं.