रात्री अडीचला चलनबाजाराचा स्प्रेड का फुगतो?

पाऊंड–न्यूझीलंड डॉलर ही चलनजोडी रात्री झोपताना ठीक होती आणि सकाळी पाहावे तर स्टॉप-लॉस उडालेला. चार्टवर मात्र भाव त्या पातळीच्या जवळपासही गेलेला दिसत नाही. मग पहिला आरोप ठरलेला असतो: ब्रोकरने फसवले. माझ्या मते हा आरोप अर्धाच खरा आहे.

आधी घड्याळ पाहू. परकीय चलनाचा बाजार सोमवार ते शुक्रवार चोवीस तास सुरू असतो, पण त्याचा 'दिवस' न्यूयॉर्कच्या संध्याकाळी पाच वाजता संपतो. आपल्याकडे तेव्हा उन्हाळ्यात रात्रीचे अडीच आणि हिवाळ्यात साडेतीन वाजलेले असतात. त्या क्षणी सौद्यांच्या पूर्ततेची तारीख एक दिवस पुढे सरकते आणि उघड्या सौद्यांवर व्याजातील फरक लावला जातो. यालाच रोलओव्हर म्हणतात. तारीख बदलताना अनेक बँकांच्या यंत्रणा काही मिनिटे भाव देणे थांबवतात. न्यूयॉर्कचे डीलर घरी निघालेले असतात. लंडन कधीच बंद झालेले असते. टोकियोत उन्हाळ्यात जेमतेम सकाळचे सहा वाजलेले असतात. उरतात वेलिंग्टन आणि सिडनी, म्हणजे तुलनेने छोटी दुकाने.

स्प्रेड म्हणजे खरेदी-विक्रीच्या भावातले अंतर. भाव देणारा आपल्याकडून चलन विकत घेतो, ते त्याला लगेच दुसऱ्याच्या गळ्यात घालता आले पाहिजे. समोर गिऱ्हाईक नसेल तर माल अंगावर राहण्याची जोखीम तो भावात धरतो. भाजीवाला रात्री उशिरा भाव पाडतो, हा नेमका उलटा वागतो.

मग युरो–डॉलरला याचा त्रास कमी आणि पाऊंड–न्यूझीलंड डॉलरला जास्त का? कारण या दुसऱ्या जोडीचा थेट बाजार फार खोल नाही. भाव देणारा तो बहुतेक वेळा पाऊंड–डॉलर आणि न्यूझीलंड डॉलर–डॉलर या दोन जोड्यांवरून बांधतो. दोन्हीकडचे अंतर वाढले की ते या तिसऱ्या जोडीत एकत्र येऊन बसते.

आता उदाहरण. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत. तुम्ही २.१५०० ला विक्री केली आणि स्टॉप-लॉस २.१५३० ला ठेवला. मधला भाव २.१५१० आहे. दिवसा चार पिपचा स्प्रेड असेल तर विक्रीचा भाव २.१५०८ आणि खरेदीचा २.१५१२, म्हणजे तुम्ही सुरक्षित. रोलओव्हरला स्प्रेड पन्नास पिप झाला. मधला भाव जागचा हललेला नाही, पण विक्रीचा भाव २.१४८५ आणि खरेदीचा २.१५३५ झाला. तुमची विक्री बंद होते ती खरेदीच्या भावाने. म्हणून स्टॉप-लॉस उडतो आणि पस्तीस पिपचा तोटा पडतो. गंमत अशी की बहुतेक ॲपवरचा चार्ट विक्रीचा भाव दाखवतो. त्यामुळे त्यावर भाव चक्क खाली, तुमच्या फायद्याच्या दिशेला गेलेला दिसतो! चार्टच्या सेटिंगमध्ये आस्क लाइन सुरू करून त्या मिनिटांत पाहिले की हे अंतर डोळ्यांना दिसते. काही मिनिटांनी ते आवळू लागले, तर कारण रोलओव्हरच आहे असे समजायला हरकत नाही.

तेव्हा स्प्रेड वाढणे ही फसवणूक नव्हे. पण जाहिरातीत दिवसातल्या सर्वात चांगल्या तासाचा स्प्रेड ठळक छापायचा आणि रात्रीचा लपवायचा, हे मला मान्य नाही. तासागणिक सरासरी स्प्रेड दाखवणे ब्रोकरला तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही, कारण प्रत्येक भावाची नोंद त्याच्याकडे असतेच. ती न दाखवणाऱ्यावर शंका घेणे रास्त आहे.

रोलओव्हरची मिनिटे टळली म्हणजे धोका टळला असेही नाही, कारण त्यानंतरचे एक-दोन तास बाजार पातळच असतो. ७ ऑक्टोबर २०१६ रोजी आपल्याकडे पहाटेचे साडेचार वाजून गेले असताना पाऊंड डॉलरच्या तुलनेत काही मिनिटांत सुमारे नऊ टक्के कोसळला आणि त्यातला बराचसा लगेच सावरला. आंतरराष्ट्रीय तडजोड बँकेच्या अहवालाने एकाच कारणावर बोट ठेवले नाही, पण त्या अवेळेचा वाटा मोठा होता, असे नमूद केले. अशा वेळी स्टॉप-लॉस ठरवलेल्या भावाला सुटेलच याची हमी नसते.

एक गोष्ट मात्र वेगळीच. भारतात राहून परदेशी ॲपवर अशा जोड्यांचे सौदे करायला मुळात परवानगी नाही, आणि अनधिकृत मंचांची यादी रिझर्व्ह बँक जाहीर करते. इथल्या एक्स्चेंजवर रुपयाच्या जोड्या संध्याकाळी पाचला आणि युरो–डॉलरसारख्या जोड्या साडेसातला बंद होतात. म्हणजे रात्री अडीचचा हा स्प्रेड तिथे कोणाच्या वाट्याला येतच नाही.