‘इन्व्हिक्टस’मधला पाय कुठे गेला?

‘इन्व्हिक्टस’ तुमच्यापर्यंत कशी पोचली ते मी सांगू शकतो. रीलमधून. मागे वादळ, समुद्र, एखादा बॉक्सर, खर्जातला आवाज आणि शेवटी आपण आपल्या आत्म्याचे कप्तान असल्याची घोषणा. खाली कॅप्शन : कवीचा एक पाय कापला होता, दुसराही कापायला सांगितला होता, पण त्यानं हार मानली नाही.

माझं भांडण या कॅप्शनशी आहे. थोडं कवितेशीही आहे.

विल्यम अर्नेस्ट हेन्ली हा इंग्रज कवी. जन्म १८४९, ग्लॉस्टरचा. हाडांचा क्षयरोग त्याला लहानपणापासून होता. डावा पाय गुडघ्याखाली कापून झाला होता. उजव्या पायालाही रोगानं धरलं, तेव्हा १८७३ च्या ऑगस्टमध्ये तो एडिंबराच्या रॉयल इन्फर्मरीत दाखल झाला, कारण तिथे जोसेफ लिस्टर होता. जखमा कार्बोलिक ॲसिडनं जंतुमुक्त ठेवायची पद्धत त्यानं १८६७ मध्ये जाहीर केली होती आणि सगळ्या डॉक्टरांना ती अजून पटलेली नव्हती. हेन्ली १८७५ च्या एप्रिलपर्यंत, म्हणजे जवळजवळ वीस महिने, तिथे होता. उजवा पाय वाचला. तो इच्छाशक्तीनं वाचला नाही. रोगट हाड काढणं, कार्बोलिक, पट्ट्या, पुन्हा पट्ट्या आणि महिनोन्महिने उताणं पडून राहणं, यानं तो वाचला.

‘इन्व्हिक्टस’ १८७५ ची मानली जाते. सोळा ओळींची. १८८८ मध्ये ती पुस्तकात आली तेव्हा तिला शीर्षकच नव्हतं. ‘अजिंक्य’ अशा अर्थाचं हे लॅटिन नाव १९०० मध्ये क्विलर-कूच या संपादकानं त्याच्या संग्रहात दिलं. आता ती कविता उघडा आणि शरीर शोधा. एकच अवयव सापडतो : डोकं. दैवाचे सोटे त्या डोक्यावर बसलेत, रक्त आलंय, मान मात्र ताठ आहे. पण हेन्लीच्या डोक्याला काहीच झालेलं नव्हतं! दुखत होता तो पाय. सोळा ओळींत पायाचा पत्ता नाही.

हा बदल छोटा नाही. डोक्यावरची जखम ही लढवय्याची जखम असते. ती समोरून येते, मारणारा कोणीतरी असतो. हाडाच्या क्षयाची जखम आतून येते, तिला पू येतो, वास येतो, आणि समोर कोणीच नसतं. क्षयाचा जंतू कॉखनं दाखवला १८८२ मध्ये. हेन्ली वॉर्डात होता तेव्हा त्याच्या शत्रूला नावही नव्हतं. म्हणून ‘दैव’ हा शब्द कामाला येतो आणि आजाराची लढाई होऊन जाते.

पण याच माणसानं, त्याच वॉर्डात, दुसऱ्याही कविता लिहिल्या. त्यातल्या काही १८७५ मध्येच ‘कॉर्नहिल मॅगझिन’मध्ये छापून आल्या. त्याचा संपादक लेस्ली स्टीफन त्याच वर्षी हेन्लीला वॉर्डात भेटून गेला होता, तेही रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनला सोबत घेऊन. पुढे याच मैत्रीतून ‘ट्रेझर आयलंड’चा एकपायी लाँग जॉन सिल्व्हर जन्मला. १८८८ च्या पुस्तकात या मालिकेच्या अठ्ठावीस कविता आहेत. नाव ‘इन हॉस्पिटल’. त्यावर रील मी अजून पाहिलेलं नाही.

त्यात ‘ऑपरेशन’ नावाची कविता आहे. तिथे ‘मी’ नाहीच, ‘तुम्ही’ आहे, आणि तुम्ही काहीच करत नाही. तुम्हाला टोपलीत घालून नेतात, खाटीकखान्यातून जनावराचं धड न्यावं तसं. टेबलावर ताणून झोपवतात. डोळे मिटायला सांगतात, तोंडावर फडकं धरतात. मग गुंगी गरम गरम होत अंगभर पसरते. सगळी क्रियापदं दुसऱ्यांची. ऑपरेशन थिएटरच्या दारापर्यंत स्ट्रेचरवरून गेलेल्या कुणालाही विचारा, हे व्याकरण ओळखीचं निघेल.

‘क्लिनिकल’मध्ये प्रोफेसरांचा राउंड आहे, मागे विद्यार्थ्यांचा घोळका. शेवटी रुग्ण पांघरूण वर सारून बसलेला, जरा फिकुटलेला, आणि इथे, शेवटी, तो पाय दिसतो : ओल्या पांढऱ्या पट्टीत गुंडाळलेला, लालभडक डाग पडलेला. बायबलनं माणसाला देवाची प्रतिमा म्हटलंय. हेन्ली कंसात त्या प्रतिमेबद्दल हळहळतो. हा लाल रंग ‘इन्व्हिक्टस’मधल्या रक्तासारखा मिरवता येत नाही.

आणि ‘नॉक्टर्न’. मध्यरात्री पाण्याची टाकी ठिबकतेय, एवढंच घडतं. ऐकायचं नसूनही ऐकावंच लागतं. हळूहळू ते ठिबकणं काळजावर टकटक करू लागतं आणि माणसाला वाटतं, आपलंच आयुष्य थेंबाथेंबानं गळतंय. आत्म्याचा कप्तान टाकीपुढे हरलेला असतो, त्याची लाजही त्याला वाटत नाही.

मग या मालिकेत शौर्य नाहीच का? आहे, पण कुणाला दिलंय ते पाहा. लिस्टरवरच्या ‘द चीफ’ या सुनीतात रूढी, पूर्वग्रह आणि रोग यांच्याशी झगडणारा हर्क्युलिस आहे. म्हणजे लढाई डॉक्टरची. रुग्ण स्वतःला एकदा सीझर म्हणवतो, तेही टोपली उचलणाऱ्या हमालांना : सीझरला नेताय, जपून! तो विनोद आहे. घाबरलेल्या माणसाचा.

माझ्या मावशीची केमो चालू होती तेव्हा नातेवाइकांच्या ग्रुपवर कुणीतरी ‘इन्व्हिक्टस’चा मराठी अनुवाद टाकला. खाली दोन्ही दंड फुगवलेले इमोजी. मावशी म्हणाली, “अरे, मला ओकारी आल्यावर बादली कोण धरणार ते विचार ह्यांना.” तिला हेन्लीबद्दल काही माहीत नव्हतं, पण शुद्धीवर येतानाच्या मळमळीवर हेन्लीची ‘आफ्टर’ आहे. तिची कविता ती होती.

आपल्या बातम्यांची भाषाही तपासा. ‘कर्करोगाशी झुंज अपयशी.’ गेलेला माणूस वर पराभूतही. औषध लागू पडलं नाही, निदान उशिरा झालं, पैसे संपले, यातलं काहीही असो, झुंजीत कमी पडला तो रुग्णच. सुझन साँटॅगनं ‘इलनेस ॲज मेटाफर’ १९७८ मध्येच लिहिलं, आजारावर लादलेल्या लढाईच्या रूपकांची तक्रार त्यात आहे. आपल्या मथळ्यांना त्याचं काही नाही.

यावर एक उत्तर मला नेहमी मिळतं : कविता स्वयंपूर्ण असते, तिला चरित्राच्या कुबड्या कशाला? मान्य. मग कॅप्शनमधला कापलेला पायही काढा. पाय विकायला घ्यायचा आणि वाचताना झाकायचा, हे चालणार नाही. आणि पाय काढल्यावर त्या सोळा ओळी कुणाच्याही होऊ शकतात. नेल्सन मंडेलांना तुरुंगात त्यांचा आधार होता. ओक्लाहोमा सिटीत बॉम्ब लावून १६८ माणसं मारणाऱ्या टिमोथी मॅकव्हेनं २००१ मध्ये मृत्युदंडाआधी शेवटचं निवेदन म्हणून हीच कविता हातानं लिहून दिली. त्यालाही तिथे स्वतःचं ताठ डोकं दिसलं. टोपलीतून जाणाऱ्या धडाची कविता त्यानं निवडली असती असं मला वाटत नाही.

‘इन्व्हिक्टस’ खोटी आहे असं मी म्हणत नाही. वीस महिने खाटेवर काढलेल्या माणसाला एका रात्री असं ओरडावंसं वाटलं असेल, तर त्याचा तो हक्क आहे. पण वॉर्डाच्या बाहेर उभं राहून, धडधाकट पायांवर, आत पडलेल्याला ती ऐकवण्याचा हक्क आपल्याला कुणी दिला? पाठवायचंच असेल तर ‘नॉक्टर्न’ पाठवा. नाहीतर बादली धरायला जा.